रियाच्या केकवर मीरा

घरून केक करून विकणाऱ्यांकडे एक मागणी नेहमी येते. ‘फोटोतला हाच केक हवा, फक्त आमच्या मुलीचं नाव घालून कसा दिसेल ते आधी दाखवा.’ केक अजून भाजलेलासुद्धा नसतो, त्यामुळे नाव बदलायचं ते फोटोतच. बरेच जण जुन्या नावावर पांढरा ब्रश फिरवतात, वर गुलाबी रंगाचा एखादा वळणदार फॉन्ट टाकतात आणि मोकळे होतात. असं नाव केकवर बसलेलं वाटत नाही, काचेवर स्टिकर लावल्यासारखं वर तरंगतं. क्रीमनं लिहिलेल्या अक्षराला जाडी असते. एका बाजूनं त्यावर उजेड पडतो, दुसऱ्या बाजूला त्याची सावली पडते. ही जाडी परत उभी करणं, हेच खरं काम.

एक उदाहरण घेऊ. पांढऱ्या क्रीमचा केक, वर गुलाबी क्रीमनं दोन ओळी: वरच्या ओळीत ‘हॅपी बर्थडे’, खाली जरा मोठ्या अक्षरात ‘रिया’. फोटो समोरून, थोड्या उंचीवरून काढलेला. खिडकी डावीकडे, म्हणजे प्रत्येक रेघेच्या डाव्या अंगाला चमक आणि उजवीकडे सावली. आपल्याला ‘रिया’ची ‘मीरा’ करायची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फोटो मागवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि गुलाबी रेघांच्या कडेला बारीक चौकोनांची जाळी उमटते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो.

आता लगेच काही पुसायचं नाही. आधी फोटोत काय काय वापरण्यासारखं आहे ते पाहायचं. ‘रिया’तला शेवटचा काना ‘मीरा’लाही शेवटीच हवा आहे, तो जागेवर राहू द्यावा. शिरोरेघ बहुतेक सगळी तशीच चालते. ‘र’ आहेच, तो फक्त ‘य’च्या जागी सरकवायचा. खिडकीचा उजेड लांबून येतो, त्यामुळे एवढं सरकवल्यानं चमक-सावलीत फरक पडत नाही. टेबलावर जवळ दिवा असता तर पडला असता.

उरला ‘मी’. इथे पहिला मोह होतो तो ऱ्हस्व वेलांटी आडवी उलटून दीर्घ करण्याचा. आकार अगदी बरोबर येतो, पण चमकही उलटते आणि एकट्या त्या वेलांटीवर उजेड उजवीकडून पडायला लागतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, काहीतरी खटकतंय एवढं मात्र कळतं. त्यापेक्षा वरच्या ओळीत पाहा, ‘हॅपी’मधला ‘पी’ तयार आहे. ‘प’च्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गाठ मारली की ‘म’ झाला, आणि दीर्घ वेलांटी योग्य बाजूच्या चमकेसकट आयती मिळाली. मराठीत केक लिहिण्याचा हा फायदाच म्हणायचा.

मग पुसण्याचं काम. फोटोशॉपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मोफत फोटोपीमध्ये मूळ फोटोवर एक रिकामा लेयर घ्यावा, Clone Stamp निवडून Sample ला Current & Below ठेवावं आणि शेजारची पांढरी क्रीम आणून ऱ्हस्व वेलांटी, ‘र’ आणि ‘य’ झाकावेत. ‘र’ची प्रत आधी वेगळ्या लेयरवर काढून ठेवलेली असावी. पांढरी क्रीम सपाट पांढरी नसते. स्पॅट्युला फिरवल्याच्या रेषा तिच्यावर असतात, आणलेला तुकडा त्याच दिशेनं जुळला पाहिजे. Healing Brush सोपा वाटतो, पण गुलाबी कडेजवळ वापरला की तो गुलाबी रंग पांढऱ्यात ओढून डाग करतो. त्याला मोकळ्या जागेतच ठेवावं. जुन्या अक्षरांभोवती गुलाबी रंगाची जी फिकट छटा पांढऱ्यावर पडलेली असते, तीही झाकायला विसरू नये, नाहीतर ‘रिया’चं भूत मागे राहतं.

‘पी’ उचलताना त्याची सावलीही बरोबर घ्यायची आणि कडा एक-दोन पिक्सेलनं मऊ करायच्या. वरच्या ओळीतली रेघ समजा 16 पिक्सेल जाड आहे आणि खालची 20, तर ‘पी’ सव्वापट मोठा करावा लागेल. मोठा केला की तो किंचित पुसट होतो, म्हणून सव्वापटीच्या फार पुढे जाऊ नये. शिवाय वरचा ‘पी’ आणि खालचा ‘मी’ जुळे दिसता कामा नयेत. Warp नं वेलांटीचं टोक थोडं वळवावं, दांडीला जरासा बाक द्यावा. हातानं लिहिलेली दोन अक्षरं तंतोतंत सारखी कधीच नसतात.

राहिली गाठ. ती नव्यानंच काढावी लागते आणि सगळी परीक्षा तिथेच होते. रंग रेघेच्या मधल्या भागातून घ्यावा, चमकेतून किंवा सावलीतून नको. रेघेएवढ्या जाडीच्या गोल ब्रशनं वळण काढावं. त्या लेयरला Bevel & Emboss लावून प्रकार Inner Bevel ठेवावा, आकार रेघेच्या निम्मा, म्हणजे 10 पिक्सेलच्या आसपास. Use Global Light वरची खूण काढून कोन फोटोतल्या खिडकीशी जुळवावा. सावलीचा रंग आपोआप काळा येतो, तो बदलून गडद गुलाबी करावा. क्रीममध्ये उजेड थोडा आत शिरून पसरतो आणि तिचाच रंग घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे तिची सावलीची बाजू काळवंडत नाही आणि चमकही आरशासारखी टोकदार नसते, रुंद आणि मऊ असते.

एवढ्यावर थांबलात तर प्लॅस्टिकची नळी तयार होते. सॉफ्टवेअर सगळीकडे सारखीच चमक देतं, हात तसं लिहीत नाही. कोन जिथे क्षणभर थांबतो तिथे क्रीम फुगते, भरभर ओढला तिथे रेघ बारीक होते आणि तिच्यावर आडव्या सुरकुत्या येतात. म्हणून इफेक्टची चमक निम्म्यावर आणावी आणि वरच्या लेयरवर कमी ओपॅसिटीच्या मऊ ब्रशनं हातानं चमक भरावी, वळणावर रुंद, सरळ भागात तुटक. गाठीत रेघ स्वतःवरूनच जाते. वरच्या रेघेची बारीक सावली खालच्या रेघेवर पडलीच पाहिजे, ती नसेल तर गाठ चपटी दिसते. अक्षर क्रीमला टेकतं तिथे उजव्या कडेला एक अरुंद, जरा गडद सावली आणि तिच्याबाहेर मऊ, पसरट दुसरी. पहिली सावली अक्षराला केकवर बसवते, बरेच जण नेमकी तीच वगळतात.

शेवटी फोटोचा दाणा जुळवायचा. नव्यानं रंगवलेला भाग फार गुळगुळीत असतो, त्याला अर्धा पिक्सेल ब्लर आणि एक-दोन टक्के नॉइज पुरतो. तपासायचं असेल तर फोटो तात्पुरता कृष्णधवल करून शंभर टक्क्यांवर पाहावा. रंग गेला की चमक-सावलीतली तफावत लगेच उघडी पडते. गाठ शेजारच्या ‘रा’पेक्षा उजळ किंवा सपाट दिसली तर तिथे अजून काम आहे.

ही युक्ती जुळणारी अक्षरं मिळाली तरच चालते. ‘रिया’ची ‘ज्ञानेश्वरी’ करायची असेल तर जोडायला तुकडेच नाहीत आणि जागाही नाही. लिहिलेलं पाइपिंग जेलनं असेल तर गणित वेगळंच होतं, कारण जेल पारदर्शक असतं आणि त्याच्या चमकेत खिडकीचा आकारसुद्धा दिसतो. अशा वेळी संगणकाशी झटापट करण्यापेक्षा नवं नाव पांढऱ्या ताटलीवर पसरलेल्या क्रीमवर खरोखरच लिहावं, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच उंचीवरून फोटो काढावा आणि ते अक्षर सावलीसकट उचलून केकवर आणून बसवावं. क्रीम चमचाभर लागते आणि तासाभराचं काम दहा मिनिटांवर येतं.