रात्री साडेअकरा, हातात बॅगा आणि समोर पहाडगंज

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंजाब मेल दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्लीला पोचते. वेळेवर आली तर बाहेर दुकानं उघडी असतात, रस्त्यावर गर्दी असते. पण दोन-अडीच तास उशीर झाला, आणि तो थंडीत धुक्यामुळे सहज होतो, तर तुम्ही फलाटावर उतरता तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. सोबत दोन ट्रॉली बॅगा, एक पाठीवरची सॅक, खाऊची पिशवी. हॉटेल आधीच बुक केलंय आणि मोबाइलचा नकाशा सांगतोय, ‘४०० मीटर, पायी ६ मिनिटं.’

मग चालत जावं का? ४०० मीटरसाठी कुठे गाडी करायची, असं कुणाच्याही मनात येणारच.

खरं सांगायचं तर हे अंतरावर ठरत नाही. तुम्ही स्टेशनच्या कोणत्या बाजूला बाहेर पडता, किती वाजलेत, आणि सामान ओढताना तुमचा एक हात मोकळा राहतो का, यावर ते ठरतं. नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडलात की पहाडगंज लागतं. सोळा नंबरकडून बाहेर पडलात की अजमेरी गेट लागतं आणि मेट्रोही त्याच बाजूला आहे. मध्ये सोळा फलाटांचं जाळं. एकदा चुकीच्या बाजूला बाहेर पडलात, की सामानासह पुन्हा आत येऊन जिने चढा, पूल ओलांडा, नाहीतर बाहेरून मोठा वळसा घाला. रात्री माणूस गोंधळतो तो बहुतेक वेळा इथेच. आणि गोंधळलेला, बॅगा घेऊन थांबलेला माणूस दुरूनही ओळखू येतो.

म्हणून गाडी दिल्लीच्या जवळ आली, की जागेवर बसल्या बसल्याच हॉटेलला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. पहाडगंजच्या दारातून यायचं की अजमेरी गेटच्या? आणि आम्ही साडेअकराला येतोय, दार उघडं असेल ना? छोट्या हॉटेलांत मध्यरात्रीनंतर शटर अर्धं खाली असतं आणि काउंटरवरचा मुलगा सोफ्यावर झोपलेला असतो. त्याला आधी सांगितलेलं असलं, तर बंद शटरसमोर बॅगा घेऊन उभं राहायची वेळ येत नाही. जवळची बरीच हॉटेलं सांगितलं तर माणूसही पाठवतात. संकोच न करता विचारा.

दारापाशी भेटणारा मदतगार

या परिसरात चाकू दाखवून लुटण्यापेक्षा गोड बोलून वाट बदलायला लावण्याचा प्रकार कितीतरी जास्त आहे. तो कसा चालतो हे नीट समजून घ्या, कारण एकदा कळला की त्याची भीतीच उरत नाही.

तुम्ही बाहेर पडता. नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस विचारतो, “कुठे जायचंय, सर?” तुम्ही हॉटेलचं नाव सांगता. तो चेहरा पाडून म्हणतो, “अरेरे, ते तर बंद झालंय,” किंवा “तो रस्ता आज पोलिसांनी बंद केलाय.” तुमचा विश्वास बसत नाही, हे तो ओळखतो. मग स्वतःच्या मोबाइलवरून ‘हॉटेलला’ फोन लावतो आणि फोन तुमच्या हातात देतो. पलीकडून आवाज येतो, “सॉरी, तुमचं बुकिंग रद्द झालंय.” हा आवाज हॉटेलचा नसतो, त्याच्याच साथीदाराचा असतो. थकलेल्या, सोबत लहान मुलं असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. मग रिक्षा येते, तुम्हाला ‘टुरिस्ट ऑफिस’ नावाच्या एखाद्या खोलीत नेते, आणि तिथून दुप्पट-तिप्पट भाड्याच्या खोलीत. मारहाण नाही, चोरी नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार तरी कसली करणार?

यातला कच्चा दुवा एकच आहे, तो म्हणजे फोन. दुसऱ्याने लावलेल्या फोनवर बोलायचंच नाही. बुकिंग करताना आलेला नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवलेला असावा आणि फोन आपणच लावावा. खरं तर हॉटेलचं नावच सांगायची गरज नाही. “घरचे न्यायला आलेत” एवढं बोलून चालत राहा, थांबू नका. उद्धटपणा वाटेल, पण चालेल.

याचाच एक भाऊ पुलाच्या जिन्यापाशी भेटतो. साध्या कपड्यांत तिकीट मागतो, बघतो आणि म्हणतो, हे तिकीट चालणार नाही, वर ऑफिसात शिक्का मारून आणा. रेल्वेच्या तिकीट तपासनीसाकडे ओळखपत्र असतं आणि तो तुम्हाला स्टेशनबाहेरच्या ऑफिसात पाठवत नाही. परतीच्या गाडीच्या वेळी हे लक्षात ठेवा.

आता रस्त्याकडे या

पहाडगंजच्या दारासमोरून मेन बाजार सुरू होतो. हा लांबलचक रस्ता पार रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रो स्टेशनपर्यंत जातो. दोन्ही बाजूंना हॉटेलं, खानावळी आणि कपड्यांची दुकानं. दिल्लीच्या मराठी माणसाला हा भाग नवा नाही, नूतन मराठी शाळा पहाडगंजातच आहे. रात्री साडेदहा-अकरापर्यंत इथे एवढी वर्दळ असते, की त्रास असलाच तर बॅगेला धडकणाऱ्या रिक्षांचा असतो. अशा वेळी दोघं-तिघं असाल आणि हॉटेल मुख्य रस्त्यावरच असेल, तर चालत जायला माझी काहीच हरकत नाही.

बाराच्या आसपास चित्र बदलतं. शटर खाली येतात, दिवे कमी होतात आणि मोकळ्या रस्त्यावर बॅगेच्या चाकांचा खडखड आवाज दूरवर जातो. मुख्य रस्त्यावरून आत शिरणाऱ्या गल्ल्या अरुंद आणि अंधाऱ्या आहेत. नकाशा ४०० मीटर सांगतो, त्यातले शेवटचे १०० मीटर अशा गल्लीत असतील तर ते चालू नका. नकाशाला फक्त अंतर कळतं, दिवा आहे की नाही ते कळत नाही. अजमेरी गेटच्या बाजूलाही हेच. तिथून जुन्या दिल्लीकडे जाणारा स्वामी श्रद्धानंद मार्ग, ज्याला लोक जी. बी. रोड म्हणतात, दिवसा हार्डवेअरचा मोठा बाजार असतो. रात्री मात्र तो बदनाम वस्तीचा रस्ता असतो. जुन्या दिल्ली स्टेशनवर जायचं असेल तर नकाशा तुम्हाला बिनधास्त तिथून पाठवू शकतो.

चालायचं ठरलंच, तर सामानाची मांडणी फलाटावरच करून घ्या. पैसे, तिकीट आणि ओळखपत्र अंगावरच्या छोट्या पिशवीत, ती पुढे, जाकिटाच्या आत. प्रत्येकाकडे एकच ओढायची बॅग, म्हणजे दुसरा हात मोकळा. हे जमत नसेल, म्हणजे कुणाच्या तरी दोन्ही हातांत सामान असेल, तर चालायचा बेत तिथेच सोडा. दोन्ही हात अडकलेला माणूस खिशातला मोबाइल वाचवू शकत नाही आणि मुलाचा हातही धरू शकत नाही. बॅग रस्त्याच्या नव्हे, दुकानांच्या बाजूला ओढा, कारण हिसकावणारे बहुधा दुचाकीवर असतात. नकाशा पाहायचा असेल तर चालता चालता पाहू नका. एखाद्या उघड्या दुकानाशी भिंतीला पाठ लावून थांबा, पाहा, मोबाइल आत ठेवा, मग निघा.

सामान जास्त असेल तर फलाटावरच हमाल करा. लाल सदरा आणि दंडावर नंबरचा बिल्ला असतो, तो नंबर वाचून ठेवा. ठरलेले दर असतात, तरी पैसे आणि नेमकं कुठपर्यंत न्यायचं हे आधी बोलून घ्या. आणि त्याच्या मागे राहू नका. डोक्यावर दोन बॅगा असूनही ही मंडळी ज्या वेगाने जिना चढतात, तो वेग आपल्याला रिकाम्या हातानेही जमत नाही.

साडेअकराचं ते कुटुंब

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या आजी. गाडी समजा आठ नंबरच्या फलाटावर लागली. हॉटेल मेन बाजारातल्या एका गल्लीत. जिना चढून पुलावर, तिथून पहाडगंजच्या दारापर्यंत, आजींच्या चालीने वीस मिनिटं धरा. म्हणजे बाहेर पडेपर्यंत बारा वाजले. गल्ली, वेळ आणि आजी हे तीनही हिशेब चालण्याच्या विरोधात जातात.

त्यांनी काय करावं? हॉटेलचा माणूस येत असेल तर स्टेशनच्या आत, दारापाशी उजेडात थांबावं. तो येत नसेल तर प्रीपेड रिक्षाच्या खिडकीवर पावती करावी. ही पावती चालकाला निघताना द्यायची नाही, उतरल्यावर द्यायची. त्याची मजुरी त्या पावतीवर अडलेली असते, म्हणून तो भलतीकडे नेत नाही. ॲपवरची टॅक्सी बोलावली तर चालक बहुधा म्हणतो, “आत येता येत नाही, थोडं पुढे या.” हे ‘थोडं पुढे’ म्हणजे आपण टाळत होतो तेच चालणं. तेव्हा नेमकी जागा विचारा, ती उजेडात आणि वर्दळीत असेल तरच जा, नाहीतर फेरी रद्द करा. गाडीचा नंबर जुळल्याशिवाय बॅगा डिकीत ठेवू नका.

आणि गाडी एक-दीड वाजता पोचली तर? मग मी बाहेरच पडणार नाही. वेटिंग हॉलमध्ये तिकिटावर बसता येतं, पैसे भरून बसायचे लाउंज आहेत. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर त्याच्या पीएनआरवर रिटायरिंग रूम आधीच ऑनलाइन बुक करता येते. उशिरा पोचणारी गाडी निवडतानाच ती पाहून ठेवलेली बरी, कारण ऐन वेळी क्वचितच मिळते. फक्त सामानाचीच अडचण असेल तर ते क्लोक रूममध्ये ठेवा. मात्र बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत. दहा-वीस रुपयांचं छोटं कुलूप घरूनच लावून निघा.

एकट्या मुलीने किंवा बाईने काय करावं, असं पुष्कळ जणी विचारतात. रस्ता तोच, पण वेळेची रेघ थोडी अलीकडे ओढा. दहानंतर चालणं नको. आणि कुणी मागे मागे येतंय असं वाटलं, तर हॉटेलकडे वळू नका, कारण मग त्याला तुमचा मुक्काम कळतो. उघड्या खानावळीत शिरा, चहा मागवा, तिथून ११२ ला फोन करा. स्टेशनच्या आवारात असाल तर रेल्वेचा १३९ नंबर आहे, आणि रेल्वे पोलिस रात्रभर फलाटावर असतात.

पहाटे मेट्रो सुरू झाली, चहाच्या टपऱ्यांवर स्टोव्ह पेटले, की त्याच ४०० मीटरला खरोखरच सहा मिनिटं लागतात. आजींसह दहा.