परडीचा फोटो, पण पार्श्वभूमी नको? बचत गटासाठी मोबाइलवरची कृतिपत्रिका

बांबूची परडी ऑनलाइन विकायची, तर फोटोत मागचा पलंग, भिंतीवरचे कॅलेंडर दिसून चालत नाही. फोटोतून वस्तू तेवढी कापून घेण्याला 'कटआउट' म्हणतात. मोबाइल अ‍ॅप हे काम काही सेकंदांत करते, पण परडीची कडी आणि वीण इथे ते हमखास चुकते. बचत गटातील महिलांना सरावासाठी ही कृतिपत्रिका.

१. फोटो काढा
बांबू फिकट असतो. पांढऱ्या चादरीवर ठेवला, तर कड कुठे संपते हे अ‍ॅपला कळत नाही. मागे-खाली काळा किंवा गडद करडा कार्डशीट लावा. भडक हिरवा, लाल टाळा. त्याची छटा बांबूवर उतरते. परडी खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशी ठेवा. फार जवळ जाऊ नका, जवळची बाजू फुगल्यासारखी दिसते. चार-पाच फूट मागे जाऊन २x झूम करा.

२. कापा
अ‍ॅपमध्ये फोटो उघडून पार्श्वभूमी काढण्याचा पर्याय निवडा. कडीखालच्या मोकळ्या जागेत काळा कार्डशीट तसाच राहिलेला असू शकतो. दोन बोटांनी फोटो मोठा करा, Erase घ्या, ब्रश लहान करा आणि ती जागा पुसा. काठाची एखादी कामटी गायब झाली असेल, तर Restore ने परत आणा. विणीतली बारीक भोके मात्र एकेक करून पुसत बसू नका. त्यातून आतली बाजू दिसते, ती परडीचाच भाग आहे.

३. तपासा
कटआउटमागे आधी पांढरा, मग लाल रंग ठेवा. पांढऱ्यावर काळी किनार दिसते, तर लालवर अर्धवट पुसलेले डाग आणि तुटलेल्या कामट्या उघड्या पडतात. किनार दिसली, तर कड किंचित आत पुसा.

४. मांडा आणि साठवा
अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूने सुमारे ८५ टक्के चौकट भरायला हवी. १००० बाय १००० पिक्सेलच्या चौकोनात परडीची मोठी बाजू साधारण ८५० पिक्सेल घ्या. कटआउटची मूळ प्रत PNG मध्ये ठेवा. JPG मध्ये पारदर्शकता टिकत नाही. म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर ती फोटो म्हणून नव्हे, तर Document म्हणून पाठवा.

शेवटी खूण करा (हो/नाही)
- कडीखालची जागा मोकळी आहे?
- काठाच्या सगळ्या कामट्या शाबूत आहेत?
- फोटोतला रंग हातातल्या परडीशी जुळतो?

तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आले, तर पुन्हा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. फोटोत पिवळीधमक दिसलेली परडी हातात फिकट आली, तर ग्राहक ती परत पाठवतो आणि दोन्ही बाजूंचा पाठवणी खर्च गटाच्या अंगावर येऊ शकतो.