निम्म्या जागेतले चित्र
मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत. रेकॉर्डरला H.264 ही २००३ सालची जुनी पद्धत लावावी की H.265 ही २०१३ सालची नवी, यावर कमिटीत दोन तट पडले. चिटणीस म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर एक कॅमेरा दिवसाकाठी सुमारे ४३ जीबी खातो, आठांचे ३४५. आमची ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुने चित्र पुसले जाऊ लागते. नवी पद्धत जवळजवळ तसेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. म्हणजे तेवीस दिवस! पंधरा दिवस गावी जाणाऱ्या कुटुंबाला हा फरक मोठाच. मात्र नुसते पद्धतीचे नाव बदलून भागत नाही; बिटरेटही ४ वरून २ वर आणावा लागतो, नाहीतर डिस्क पूर्वीइतक्याच दिवसांत भरते.

"पण अहो, पोलिसांच्या जुन्या संगणकावर ते दिसेल का?" तळमजल्यावरच्या काकांनी विचारले. शंका रास्त होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर नवी क्लिप लावली, तर पडदा काळा! फाईल बिघडलेली नव्हती. लॅपटॉपला ती उलगडता येत नव्हती, इतकेच. व्हीएलसी प्लेयरने ती उघडली, पण चित्र अडखळत होते.

अखेर नवी पद्धतच ठेवली. क्लिप मागितली की मूळ फाईल जशीच्या तशी देतो आणि जोडीला H.264 मध्ये बदललेली प्रत. पाहायला प्रत, पुराव्याला मूळ.