जेलवरची कोरी लेन आणि नको असलेले बँड

आंब्याच्या पानातून डीएनए काढला, त्यातला 600 बेसजोड्यांचा एक तुकडा पीसीआरने वाढवायला ठेवला आणि तयार झालेले द्रावण जेलवर चालवले. अतिनील प्रकाशात पाहिले, तर मोजमापाची लॅडर लख्ख दिसते आणि शेजारची लेन कोरी. डीएनए कमी पडला असणार, पुढच्या वेळी दुप्पट घालू, असे अशा वेळी हमखास वाटते. वनस्पतींच्या नमुन्यांत हा उपाय बहुतेकदा नुकसानच करतो.

पीसीआरच्या प्रत्येक फेरीत तीन गोष्टी घडतात. 95 अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटतात. मग तापमान उतरवले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात. या टप्प्याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. शेवटी 72 अंशांना टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम प्रायमरपासून पुढे नवा धागा विणते. अशा तीसेक फेऱ्या झाल्या की तुकड्याच्या इतक्या प्रती होतात की जेलवर बँड दिसतो.

काहीही बदलण्याआधी दोन नळ्या पाहायच्या. एकीत पूर्वी हमखास चाललेला डीएनए असतो, दुसरीत डीएनएऐवजी पाणी. पहिलीतही बँड नसेल तर दोष मिश्रणात किंवा यंत्रात आहे. पाण्याच्या नळीत 600 वर बँड आला तर कुठूनतरी परका डीएनए शिरला आहे, आणि तापमान बदलून तो जाणार नाही. शंभराच्या खाली धूसर पट्टा असेल तर ते प्रायमर एकमेकांनाच चिकटल्याचे लक्षण.

आपल्या उदाहरणात पहिली नळी चालली, पाण्याची स्वच्छ राहिली, फक्त आंबा कोरा. मग एक साधी परीक्षा घ्यायची: चाललेल्या नळीचेच मिश्रण पुन्हा बनवून त्यात थोडा आंब्याचा डीएनए मिसळायचा. तिचाही बँड नाहीसा झाला, तर आंब्याच्या द्रावणातच काहीतरी एन्झाइमला अडवते आहे. पानांतली पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर उतरतात आणि टॅकला निकामी करतात. डीएनए वाढवला की तीही वाढतात. म्हणून नमुना पाण्याने दहापट आणि शंभरपट पातळ करून दोन्ही लावून पाहावे. 25 मायक्रोलिटरच्या मिश्रणाला जीनोमिक डीएनए साधारण 10 ते 100 नॅनोग्रॅम पुरतो.

अडवणूक आणखी एका बाजूने होत असते. डीएनए बहुधा टीई बफरमध्ये ठेवतात, आणि त्यात 1 मिलिमोलर ईडीटीए असते, जे मॅग्नेशियमला धरून ठेवते. टॅकला तर मोकळे मॅग्नेशियम लागते. मिश्रणात ते 1.5 मिलिमोलर असले, तरी चारही न्यूक्लिओटाइड प्रत्येकी 0.2 धरून 0.8 होतात आणि जवळपास तेवढेच मॅग्नेशियम बांधतात. टीईतला डीएनए 5 मायक्रोलिटर घातला की आणखी 0.2 गेले. उरले जेमतेम 0.5. पातळ केलेला नमुना घेतला की ही गळती थांबते, आणि तरीही बँड फिका असेल तर मॅग्नेशियम 2, मग 2.5 मिलिमोलर करून बघता येते. मॅग्नेशियम क्लोराइडची गोठवलेली बाटली पूर्ण विरघळवून नीट ढवळूनच वापरावी. वरचा पातळ थर उचलला गेला तर सगळे आकडे फसतात.

समजा, दहापट पातळ केल्यावर 600 चा बँड आला, पण 350 आणि 900 वरही दोन आले. म्हणजे प्रायमर थोड्याफार जुळणाऱ्या भलत्या जागीही चिकटत आहेत. 20 बेसच्या प्रायमरमध्ये जी आणि सी मिळून 10 असतील, तर ए-टीला 2 आणि जी-सीला 4 अंश धरून वितळण्याचे तापमान ढोबळ 60 येते. सुरुवात त्याच्या पाच अंश खाली, 55 ला, करतात. ग्रेडियंट असलेल्या यंत्रात एकाच वेळी 52 ते 64 अंश लावून पाहिले की चित्र उलगडते: 52 ला तीन बँड, 59 च्या आसपास एकटा 600 चा, 64 ला काहीच नाही. मग 59 घ्यायचे.

हे करताना मॅग्नेशियम हलवू नये. ते डीएनएची जोडी घट्ट करते, त्यामुळे ते वाढवले की अर्धवट जुळलेले प्रायमरही टिकून राहतात आणि तापमान कमी केल्यासारखाच परिणाम होतो. दोन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. फिका बँड आणण्यासाठी 2.5 वर नेलेले मॅग्नेशियमच कधीकधी 350 चा बँड घेऊन येते. 59 अंशांनाही तो राहिला, तर मॅग्नेशियम 1.5 कडे परत आणून पाहावे.

एवढे करूनही एखादा बँड हटला नाही, तर प्रायमर दोन ठिकाणी नेमकेच जुळत असतील, किंवा त्या जनुकाची दुसरी, वेगळ्या लांबीची प्रत झाडात खरोखरच असेल. अशा वेळी तो बँड जेलमधून कापून त्याचा क्रम वाचून घ्यावा आणि मगच नवे प्रायमर मागवायचे की नाही ते ठरवावे.