एक अमिनो आम्ल आणि चौदा पदरांची दोरी

गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर ‘सिकलसेल’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. त्या वाकतात कशामुळे, हा प्रश्न मात्र सहसा मागेच राहतो.

नेमका बदल कोणता?
हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीनं गुंफलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. व्हर्नन इनग्रॅम यांनी तो केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली शोधून काढला.

एवढ्याशा बदलानं रेणू एकमेकांना चिकटतात कसे?
ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाण्यात खुशाल राहतं. व्हॅलिनला पाणी नको असतं. रेणूच्या पृष्ठभागावर उघडं पडलेलं हे व्हॅलिन आसरा शोधतं आणि शेजारच्या रेणूवरच्या एका तेलकट खाचेत शिरतं. ही खाच बीटा साखळीतल्या ८५ व्या आणि ८८ व्या अमिनो आम्लांजवळ असते.

गंमत अशी, की निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्येही ही खाच असतेच. तिथे शिरणारं कुणी नसतं, इतकंच.

मग पेशी सदैव वाकड्या का नसतात?
ऑक्सिजन धरला, की रेणूचा आकार बदलतो आणि व्हॅलिनला ती खाच नीट सापडत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर रेणू जुळू लागतात, त्यांचे चौदा पदर एकमेकांभोवती पिळले जातात आणि ताठ दोरी तयार होते. अशा दोऱ्या पेशीला आतून ताणून वाकडी करतात.

दोरी लगेच वळली जात नाही, हे रुग्णाचं नशीब. पहिले काही रेणू जुळायला वेळ लागतो. तेवढ्यात बऱ्याच पेशी केशवाहिन्या ओलांडून फुप्फुसाकडे परततात आणि ऑक्सिजन मिळून सावरतात. हा अवधी पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो: दाटपणा जेमतेम १० टक्क्यांनी घटला तरी तो साधारण वीसपट लांबतो. अंगातलं पाणी कमी झालं, की पेशीही आक्रसते आणि हाच हिशेब उलटा फिरतो.

वाहकाला त्रास का होत नाही?
त्याच्या पेशींत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधं असतं. ते मधे आल्यानं दोरी वळायला फार वेळ लागतो. गर्भातलं हिमोग्लोबिन तर दोरीत जवळपास बसतच नाही. म्हणून बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी तेच हिमोग्लोबिन वाढवते.

चाचणीत काय दिसतं?
विद्राव्यता चाचणीत रसायन घालून ऑक्सिजन काढून घेतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर नळी गढूळ होते आणि मागच्या रेघा दिसत नाहीत. मात्र वाहक आणि रुग्ण दोघांचीही नळी गढूळ होते. फरक कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावीच लागते.