"काकू, हे वेगळं काम आहे": नातं न तोडता नाही कसं म्हणायचं

आजचा विषय प्रत्येक फ्रीलान्सरच्या ओळखीचा आहे. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "एवढं जरा करून दे ना, पाच मिनिटांचं तर काम आहे." याला उत्तर काय द्यायचं?

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही ग्राफिक डिझायनर आहात. घरगुती मसाले विकणाऱ्या एका काकूंसाठी लोगो आणि तीन पाकिटांची लेबलं करताय. ठरलेत १५,००० रुपये, बदलांच्या दोन फेऱ्या धरून. निम्मे आगाऊ मिळालेत. लेबलं अजून व्हायचीत आणि काकू म्हणतात, "बाळा, दिवाळीसाठी इन्स्टाच्या सहा पोस्टपण करून टाक. लोगो आहेच की तयार!"

आता एक लक्षात घ्या. काकू तुम्हाला लुबाडत नाहीयेत. लोगो झाला की पोस्ट आपोआप होतात, असं त्यांना खरंच वाटतंय. त्यामुळे चिडायच्या आधी हिशेब करा. मूळ काम साधारण साडेसदतीस तासांचं धरलं होतं, म्हणजे तासाला ४०० रुपये. एका पोस्टला दीड तास, तर सहांना नऊ तास. म्हणजे हे ३,६०० रुपयांचं काम आहे. हा आकडा हातात असला की आवाजात राग येत नाही आणि अपराधीपणाही येत नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. "काकू, सध्या खूप बिझी आहे हो," असं सांगून मोकळे होतात. ऐकायला गोड वाटतं, पण त्याचा अर्थ काय होतो? अडचण वेळेची आहे, पैशांची नाही. मग दहा दिवसांनी काकू विचारणारच, "झालास का मोकळा?" तेव्हा खरं कारण सांगायला गेलात, तर आधीचं खोटं होतं हे उघड होतं. नातं बिघडतं ते तिथे.

त्याऐवजी सकाळी फोन करा. फोनवर हसून बोललेलं कळतं, मेसेजमध्ये तेच वाक्य कोरडं वाटतं. आणि फोन झाल्यावर लगेच लिहूनही पाठवा, म्हणजे पुढे "आपलं असं कुठे ठरलं होतं?" व्हायला नको. साधारण असं:

"काकू, दिवाळीच्या पोस्टची कल्पना छान आहे, लेबलांचे रंग त्यात मस्त दिसतील. आपलं ठरलंय ते लोगो आणि तीन लेबलं, पोस्ट त्यात धरलेल्या नाहीत. सहा पोस्टचे ३,६०० होतील. दोनच हव्या असतील, धनत्रयोदशी आणि पाडव्याची, तर १,२००. कसं करूया? लेबलं मात्र ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देतोय."

बघा, यात "नाही जमणार" हे शब्दच नाहीत, तरी हद्द स्पष्ट आहे. निर्णय काकूंच्या हातात आहे. आणि शेवटच्या वाक्यामुळे त्यांची खरी धास्ती जाते, की आता हा रुसून लेबलं लटकवणार तर नाही ना!

यावर काकू म्हणतील, "अरे, तू घरच्यासारखा, आणि पैसे मागतोस?" तेव्हा सांगा, "घरच्यासारखा आहे म्हणूनच आधी सांगतोय काकू, नंतर बिलात दिसलं तर तुम्हालाच वाईट वाटेल." घासाघीस झाली तर काम कमी करा, दर नको. दर एकदा खाली आला की पुढच्या वेळी बोलणी तिथूनच सुरू होतात.

मनापासून एखादी पोस्ट फुकट द्यावीशी वाटली तर जरूर द्या. फक्त बिलात लिहा: पोस्ट ६०० रुपये, दिवाळी सवलत ६०० रुपये, देय शून्य. भेट भेटच राहते आणि किंमतही दिसते.

पण प्रत्येक मागणी जास्तीची नसते हं. लेबलवर "हळद" चुकीचं छापायला गेलं आणि चूक तुमची असेल, तर ती दुरुस्ती मुकाट्याने, फुकट करायची. ती बदलांच्या फेरीतही मोजायची नाही. आणि कोटेशनमध्ये तुम्ही नुसतं "ब्रँडिंगचं काम" असं मोघम लिहिलं असेल, तर काकूंचा समज चुकीचा कसा म्हणणार? अशा वेळी या खेपेला अर्ध्यावर तडजोड करा आणि पुढच्या कोटेशनमध्ये "यात काय येत नाही" अशी एक ओळ घाला.

हे जमलं की नाही, ते कसं ओळखायचं? सोपं आहे. काकूंचा पुढचा मेसेज येईल, "बाळा, संक्रांतीसाठी एक करायचंय. किती होतील?" हा "किती होतील" आला की समजा, हद्द पोचली आणि "बाळा"ही शिल्लक राहिलाय.

भेटूया पुढच्या भागात!