घरपट्टी कोणी भरली आणि कधी?

कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट महिना २०,००० रुपयांनी भाड्याने दिला आहे आणि हे भाडं बाजारभावाइतकंच आहे, असं धरू. वर्षाचे झाले २,४०,००० रुपये. मालकाने महापालिकेची घरपट्टी भरली १२,००० रुपये. प्राप्तिकराच्या हिशेबात आधी ही घरपट्टी वजा होते आणि २,२८,००० उरतात. या उरलेल्या रकमेवर ३० टक्के, म्हणजे ६८,४०० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. घरकर्ज नसेल तर राहिलेले १,५९,६०० रुपये मालकाच्या इतर उत्पन्नात मिळवायचे आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा.

क्रम महत्त्वाचा आहे. पूर्ण भाड्यावर ३० टक्के काढून मग घरपट्टी वजा केली, तर उत्पन्न ३,६०० रुपयांनी कमी दिसतं. तो हिशेब चुकीचा.

या ३० टक्क्यांसाठी एकही पावती लागत नाही. वर्षभरात भिंतीला हातही लावला नाही, तरी वजावट पूर्ण मिळते. रंगकाम आणि नळदुरुस्तीवर लाखभर रुपये घातले, तरी एक रुपया जास्त मिळत नाही. जुन्या वाड्याच्या मालकाला हे जाचक वाटेल, नव्या फ्लॅटवाल्याची मात्र चंगळच. कर नव्या पद्धतीने भरला, तरी भाड्याने दिलेल्या घराला ही वजावट आहेच.

घरपट्टीचं तसं नाही. ती मालकानेच भरलेली हवी आणि त्याच आर्थिक वर्षात भरलेली हवी. बिल कोणत्या वर्षाचं, हे पाहिलं जात नाही. बिल घरात पडून राहिलं आणि ३१ मार्चऐवजी ५ एप्रिलला पैसे भरले, तर सरत्या वर्षात वजावट शून्य. उलट दोन वर्षांची थकबाकी धरून ३६,००० रुपये एकदम भरले, तर सगळे त्याच वर्षी वजा होतात. वरच्या उदाहरणात मग करपात्र उत्पन्न १,४२,८०० रुपयांवर येतं. करारात ‘घरपट्टी भाडेकरू भरेल’ असं लिहिलं असेल आणि तो भरत असेल, तर मालकाला ती दाखवता येत नाही.

मुंबईत बऱ्याच ठिकाणी घोळ होतो तो सोसायटीच्या बिलात. महापालिकेचं बिल सोसायटीच्या नावाने येतं आणि सभासदाचा वाटा मासिक बिलात सिंकिंग फंड, पाणीपट्टी, वॉचमनचा पगार यांच्या रांगेत बसतो. काही जण पूर्ण मेंटेनन्सच घरपट्टी म्हणून वजा करतात. वजा होतो तो फक्त पालिकेच्या कराचा वाटा. बिलात तो वेगळा दाखवला नसेल, तर सचिवांकडून त्या रकमेचं पत्र आणि सोसायटीने पालिकेला पैसे भरल्याच्या पावतीची प्रत मागून घ्यावी.